काकांसाठी अर्धं पान

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली काकांच्या त्रासाची हकीकत सावकाश वाचली. नऊ पानं मनापासून लिहिली आहेस आणि त्यातलं बरंचसं कामाचं आहे. तरीही नव्या डॉक्टरांच्या हातात ही नऊ पानं देऊ नकोस. पहिल्या भेटीला त्यांच्याकडे फार वेळ नसतो आणि त्याच वेळात त्यांना काकांना तपासायचंही असतं. नऊ पानं समोर आली की डॉक्टर पहिल्या पानावर नजर फिरवतात, मधली चाळतात आणि कागद बाजूला ठेवतात. तुझ्या पहिल्या पानावर काकांच्या तरुणपणीच्या काविळीची आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची माहिती आहे. चक्कर तिसऱ्या पानावर सुरू होते. सगळ्यात महत्त्वाची ओळ सातव्या पानावर आहे, तीही कंसात.

ओपीडीत बसून मी आयुष्यभर अशा हकीकती ऐकल्या आणि वाचल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. 1984 मध्ये अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्ये थांबवलं होतं, आणि एकदा तोडलेलं बोलणं बहुतेकांनी पुढे पुरं केलंच नाही. ही सवय वाईट आहे, पण ती आहे असं धरूनच आपण तयारी करायची. कागदावर पहिल्या ओळीत तेच हवं, जे मध्ये कोणी थांबवलं तरी सांगून झालेलं असेल.

आता काम कसं करायचं ते सांगते. नऊ पानांतल्या ओळी खोडत खोडत अर्ध्या पानावर येण्याचा प्रयत्न करू नकोस. तसं केलं की प्रत्येक गोष्टीचं एकेक शेपूट उरतं आणि काहीच धड कळत नाही. पानं मिटून ठेव, कोरा कागद घे आणि काकांना विचार: शेवटचं अगदी ठीक कधी होतात? ‘त्रास कधी सुरू झाला’ असं विचारलंस तर ते ‘बरेच दिवस झाले’ म्हणतील. शेवटचं ठीक कधी होतं, हे आठवायला माणसाला एखादा प्रसंग सापडतो. तुझ्याच लिखाणात आहे की फेब्रुवारीच्या मध्यावर ते एकटे प्रवास करून आले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उठताना पहिल्यांदा कपाटाला धरून उभे राहिले. म्हणजे आपल्याला एक कडा सापडली. आता त्या कडेच्या अलीकडे-पलीकडे, साधारण दोन महिन्यांत, काय बदललं ते शोधायचं: नवीन औषध, वाढवलेला डोस, बंद केलेली गोळी, ताप, जुलाब, कमी झालेलं वजन, खाण्यापिण्यातला फरक. आजाराची कथा सांगताना माणसं आजाराच्याच वाटेने जातात, म्हणून या गोष्टी निसटतात.

काकांच्या बाबतीत नेमकं तेच झालं आहे. सातव्या पानावरचा तुझा कंस असा आहे: ‘लघवीसाठीही एक कॅप्सूल चालू आहे, पण तिचा याच्याशी संबंध नाही.’ ही कॅप्सूल टॅम्सुलोसिनची आहे आणि ती 20 फेब्रुवारीला सुरू झाली. प्रोस्टेटच्या भागातले स्नायू सैल करून ती लघवीचा मार्ग मोकळा करते, पण काही लोकांमध्ये रक्तवाहिन्याही थोड्या सैल पडतात आणि उभं राहिल्यावर रक्तदाब खाली येतो. ती यूरॉलॉजिस्टनी दिली, रक्तदाबाच्या गोळ्या फिजिशियनच्या, चक्कर दाखवली कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना. तिघांकडे तीन वेगळ्या फायली आणि तिन्ही औषधं एकाच माणसाच्या पोटात. मग मे महिन्यात क्लिनिकमध्ये बसून मोजलेला रक्तदाब 158/88 आला, म्हणून अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलीग्रॅमवरून 10 केलं गेलं, आणि जूनपासून चक्कर जवळजवळ रोज येऊ लागली. तुझ्या पानांत या सगळ्या तारखा आहेत, पण एकमेकींपासून इतक्या दूर की त्यांचा क्रम दिसत नाही.

याचा अर्थ कारण सापडलं, असं समजू नकोस. काकांना 2012 पासून मधुमेह आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही अशक्त होतात, आणि त्यानेही उभं राहिल्यावर हेच होतं. दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात. म्हणून कागदावर ‘टॅम्सुलोसिनमुळे चक्कर’ असं लिहायचं नाही. फक्त तारखा एकाखाली एक ठेवायच्या. डॉक्टरांना त्या क्रमात जे दिसायचं ते दिसेल, आणि आपण निष्कर्ष लिहिला नाही म्हणून दुसऱ्या शक्यतेचा विचारही ते मोकळेपणाने करतील. आणि हो, भेट होईपर्यंत कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काकींनाही हे सांग. तेवढ्या दिवसांत चक्कर वाढली किंवा ते पुन्हा पडले, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता औषध देणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा.

दुसरी गोष्ट, तुझ्या हकीकतीत काकांना काय होतं यापेक्षा कोण काय म्हणालं हेच जास्त आहे. ‘सर्व्हायकलचा त्रास’, ‘कानातल्या पाण्याचा असमतोल’, ‘वयोमानाने होणारं’. हे तीन डॉक्टरांचे तीन अंदाज आहेत. ते पहिल्यांदा वाचले की नवा डॉक्टरही त्याच रुळावरून जाऊ शकतो. मानेच्या एक्स-रेमध्ये काकांच्या वयाच्या बहुतेकांना झीज दिसतेच. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच, असं ठरत नाही. अंदाज सगळे काढ आणि त्या जागी एक नेहमीचा प्रसंग नीट लिही.

त्यासाठी काकांना ‘चक्कर म्हणजे नक्की कसं वाटतं’ हे खोदून विचारत बसू नकोस. हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं विचारत आलो, पण त्याच रुग्णाला थोड्या वेळाने तोच प्रश्न विचारला की उत्तर बऱ्याचदा बदलतं, हे तपासून पाहिलेलं आहे. ती कशाने येते आणि किती वेळ टिकते, याची उत्तरं त्या मानाने पक्की असतात, आणि निदानही त्यांच्याच आधाराने पुढे सरकतं. कुशीवर वळताना येऊन मिनिटभराच्या आत जाणारी चक्कर बहुधा कानातल्या खड्यांची असते. ऐकू कमी येऊन तासन्‌तास टिकणारी वेगळी. दिवसच्या दिवस चालणारी आणखी वेगळी. काकांची उभं राहिल्यावर काही सेकंदांत येते, एक-दोन मिनिटं राहते आणि बसलं की जाते. एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांचा अर्धा रस्ता कापला जातो. तुझ्या नऊ पानांत ती किती वेळ टिकते हे कुठेच नव्हतं. काल काकांशी फोनवर बोलून मी विचारून घेतलं.

जे होत नाही तेही लिहायचं, पण प्रत्यक्ष विचारून. काकांना मी शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, धडधड, ऐकू कमी येणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं आणि काळी शी हे सगळं एकेक करून विचारलं. सगळ्याला ‘नाही’ म्हणाले. न विचारता ‘बाकी काही त्रास नाही’ लिहिणं धोक्याचं, कारण डॉक्टर ते खरं धरून चालतात. यांतलं काही मधल्या दिवसांत सुरू झालं, म्हणजे ते बेशुद्ध पडले, छातीत दुखलं, एका बाजूची ताकद गेली, बोबडी वळली, काळी शी झाली, किंवा पडून डोक्याला लागलं, तर हा कागद आणि ही भेट दोन्ही विसरून सरळ तातडीच्या विभागात जायचं.

औषधांची यादी आठवणीने करू नकोस, काकांनी सांगितलं म्हणूनही नाही. सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या टेबलावर मांडायला सांग आणि त्यावरून उतरव. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, त्याच्या आसपास बारीक अक्षरात घटकाचं नाव आणि मिलीग्रॅम असतात. आपल्याला ते बारीक अक्षरातलं हवं. दिवसातून किती वेळा, कोणत्या वेळी, आणि कधीपासून, हे प्रत्येकापुढे. झोपेची गोळी, आयुर्वेदिक काढा, दुकानातून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी, डोळ्यांचे थेंब, सगळं यात आलं. घेऊन बंद केलेलंही लिही. काकांना चक्करेसाठी बीटाहिस्टीन सहा आठवडे दिलं होतं आणि फरक पडला नाही, हीसुद्धा माहितीच आहे.

मग रक्तदाब. आतापर्यंत प्रत्येक ठिकाणी तो बसून मोजला आहे. ज्या माणसाला फक्त उभं राहिल्यावर त्रास होतो, त्याचा उभं राहिल्यावरचा आकडा कुठेच नाही. घरी दंडाला बांधायचं यंत्र आहे ना, त्याने मोजा. सकाळी काका पाच मिनिटं आडवे पडून राहिले की पहिला आकडा घ्यायचा. मग त्यांनी उभं राहायचं, आणि उभं राहून एक मिनिट झाल्यावर आणि तीन मिनिटं झाल्यावर परत मोजायचं, नाडीसकट. दंडाचा पट्टा तसाच राहू दे आणि तो हात हृदयाच्या उंचीवर आधार देऊन धर. तू शेजारी उभा राहा, मागे खुर्ची ठेव, आणि अंधारी आली तर तीन मिनिटांचा हट्ट न करता लगेच बसव. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने घसरला तर डॉक्टर त्याकडे लक्ष देतात. नाडी किती वाढली यावरून नसांचा सहभाग किती, याचाही त्यांना अंदाज येतो. दोन-तीन सकाळी मोज. एखाद्या सकाळी घसरण दिसली नाही तर तेही लिही; हा आकडा रोज सारखा नसतो, आणि आपल्याला पटणारे आकडे निवडायचे नाहीत. काकींनी परवा सकाळी मोजलेले आकडे मी खाली घातले आहेत, त्यात तू तुझे मिळव.

तुझ्या पानांवरून आणि काकांशी बोलून मी अर्ध्या पानाचा मसुदा केला आहे:

वय 69, पुरुष. मधुमेह (2012 पासून), उच्च रक्तदाब.

त्रास: मार्चपासून उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोल जातो. दोनदा पडले: 14 एप्रिल (रात्री लघवीला उठताना), 9 जुलै (पहाटे, कपाळाला मार). आता एकटे बाहेर जात नाहीत.

स्वरूप: उभं राहिल्यावर काही सेकंदांत येते, 1-2 मिनिटं टिकते, बसल्यावर थांबते. पहाटे आणि रात्री जास्त. पडून असताना किंवा कूस बदलताना येत नाही.

क्रम: 20 फेब्रुवारी: टॅम्सुलोसिन सुरू. मार्च पहिला आठवडा: पहिल्यांदा चक्कर, नंतर आठवड्यातून एक-दोनदा. 12 मे: बसून रक्तदाब 158/88, अ‍ॅम्लोडिपिन 5 वरून 10 मिग्रॅ. जूनपासून: जवळजवळ रोज.

विचारलं, झालेलं नाही: शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, धडधड, ऐकू कमी येणं, बोलणं अडखळणं, हातापायात अशक्तपणा, काळी शी.

औषधं: अ‍ॅम्लोडिपिन 10 मिग्रॅ सकाळी, टॅम्सुलोसिन 0.4 मिग्रॅ रात्री. मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ दोनदा. रक्त पातळ करणारं औषध नाही. बीटाहिस्टीन 16 मिग्रॅ तीनदा, सहा आठवडे घेतलं (एप्रिल-मे), फरक नाही, बंद. अ‍ॅलर्जी माहीत नाही.

तपासण्या: एमआरआय मेंदू (एप्रिल): नवीन दोष नाही. ईसीजी (मे): नॉर्मल. जून: हिमोग्लोबिन 13.1, एचबीए1सी 7.4. रिपोर्ट सोबत.

घरी मोजलेला रक्तदाब आणि नाडी, सकाळी: आडवं 138/80, 72, उभं 1 मिनिट 112/70, 78, उभं 3 मिनिटं 116/72, 78.

प्रश्न: उभं राहिल्यावर रक्तदाब का घसरतो? औषधांत बदल हवा का? पुन्हा पडू नये म्हणून आत्ता काय करावं?

हे हाताने लिहिलंस तर पानभर होईल. टाइप करून, 12 च्या अक्षरात, अर्ध्या पानात बसतं. जागा पुरत नाही म्हणून अक्षर बारीक करू नकोस, ओळ कमी कर. माझ्या मते कमी करायची वेळ आली तर तपासण्यांची ओळ आखडती घे, कारण रिपोर्ट हातात आहेतच. क्रम आणि औषधं यांना हात लावू नकोस.

काय गाळलं ते बघ. कावीळ, गुडघा, मानेचा एक्स-रे, ॲसिडिटी, कोणत्या दवाखान्यात किती ताटकळलात, आणि कोणी नीट ऐकूनच घेतलं नाही हे. ही शेवटची गोष्ट गाळताना तुला वाईट वाटेल. काकांचा त्रास महिनोन्‌महिने कोणी गांभीर्याने घेतला नाही, याचा राग तुझ्या ओळीओळीत आहे आणि तो रास्त आहे. पण ती तक्रार वाचताना नव्या डॉक्टरांचं लक्ष काकांवरून उडून मागच्या डॉक्टरांकडे जातं. त्या जागेत ‘आता एकटे बाहेर जात नाहीत’ एवढे शब्द ठेवले आहेत. त्रास किती मोठा आहे ते ‘भयंकर’, ‘असह्य’ या शब्दांपेक्षा त्याने काय बंद पडलं यावरून जास्त कळतं.

नऊ पानं मात्र फेकू नकोस. पिशवीत ठेव. डॉक्टरांनी ‘गुडघ्याच्या वेळी भूल कोणती दिली होती’ असं काही विचारलं तर ती उघडायची.

कागद पक्का करण्याआधी काकांना एकट्यांना वाचायला दे. काकी समोर नसताना. तुझ्या पानांत पडण्याचा एकच प्रसंग होता. एप्रिलमधला त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता, काकी घाबरतील म्हणून. माझ्याशी बोलताना तो सहज निघाला. घरच्यांपासून लपवलेल्या अशा गोष्टी असतात: पडणं, कपड्यांत लघवी होणं, मनानेच घेतलेली किंवा सोडलेली गोळी, दारू. विचारताना चौकशीचा सूर नको. ‘यात काही राहिलंय का, किंवा काही चुकीचं लिहिलंय का’ एवढंच. आणि ते म्हणतील तसं वाक्य बदल, तुला ते कमी नेमकं वाटलं तरी. खोलीत ‘हे असं नाही होत मला’ असं रुग्ण म्हणाला की कागदावरचा सगळा विश्वास जातो.

एक मर्यादाही सांगून ठेवते. असा कागद एका त्रासासाठी चालतो. काकांनी गुडघा, झोप आणि लघवी हेही त्याच भेटीत काढायचं ठरवलं, तर अर्ध्या पानात चौघांची गर्दी होईल आणि चक्कर पुन्हा मागे पडेल. ज्याने माणूस पडतो ते आधी. बाकीचं दुसऱ्या भेटीला, किंवा शेवटी एका ओळीत: ‘गुडघेदुखीबद्दल पुढच्या वेळी विचारायचं आहे.’

दोन प्रती काढ, एक डॉक्टरांना, एक तुझ्या हातात. आत गेल्या गेल्या दे. तपासून झाल्यावर दिलेला कागद सहसा न वाचताच फायलीत जातो. ‘काकांचा त्रास थोडक्यात लिहून आणलाय’ म्हण आणि गप्प बस. वाचून दाखवू नकोस. डॉक्टर वाचतील तेवढा अर्धा मिनिट शांतता राहील, ती राहू दे. मग ते काकांकडे बघून विचारतील, त्याची उत्तरं काकांनीच द्यायची. तारीख चुकली तर तू सांग, बाकी मध्ये पडू नकोस. आणि डॉक्टरांनी कागद न बघता ‘बोला, काय होतंय’ म्हटलं, तर काकांनी कागदावरचं ‘त्रास’ हे कलम आपल्या शब्दांत सांगायचं. म्हणून तेवढं त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घे. निघण्याआधी शेवटचे तीन प्रश्न प्रतीवर बघ आणि ज्याचं उत्तर मिळालं नसेल ते विचार. औषधात बदल केला तर त्याच प्रतीवर तारखेसकट लिही, म्हणजे पुढच्या डॉक्टरांसाठी क्रम तयार राहील.

बाकी आकडे मिळाले की मला पाठव. काकींना म्हणावं, तोपर्यंत रात्री काका लघवीला उठले की आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसू देत, आणि वाटेतला दिवा चालू ठेवा.

तुझी,
आई